माहेरच्या ग्रुपवर आवतण आलं, जाणं जमत नाही, ११६ जणींसमोर नाही कसं म्हणायचं?

पांढरंसोनं · मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार सगळ्यांना. जरा लांब लिहिते, पूर्ण सांगितल्याशिवाय समजणार नाही.

माझं माहेर दारव्हा तालुक्यातलं, सासर तिथून साठेक किलोमीटरवर. आमच्या गावच्या लग्न होऊन गेलेल्या लेकींचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे, ११६ जणी आहेत, आत्याबाईंपासून तर परवा लग्न झालेल्या पोरीपर्यंत. त्यातली एक माझी लहानपणची मैत्रीण. नवरा गेल्यावर दोन लेकरं घेऊन गावातच परत आली, शिलाई करून करून दोन खोल्यांचं स्वतःचं घर बांधलं तिनं, आता या रविवारी नाही पुढच्या रविवारी वास्तुपूजन आहे. काल तिनं ग्रुपवर पत्रिका टाकली अन खाली लिहिलं, "माह्या घराले सगळ्या लेकींचे पाय लागले पायजे, कोण कोण येता सांगा, सैपाकाचा अंदाज घेतो." मग एका ताईनं खाली यादी सुरू केली, १, २, ३ आकडे टाकून, जी येणार तिनं यादी कॉपी करायची, आपलं नाव जोडायचं अन परत टाकायची. आज दुपारपर्यंत ४१ नावं झाली.

मला जाता येत नाही. त्याच दिवशी वावरात वेचणीला बाया सांगून ठेवल्या आहेत, आता बाया मिळणं किती कठीण झालं ते शेतीवाल्यांना माहीत आहे, आज नाही म्हटलं तर त्या दुसऱ्याच्या वावरात जातात अन कापूस बोंडावर लोंबत राहतो. हे खरं कारण आहेच. पण दुसरंही आहे. यंदा सोयाबीन भिजलं, भाव भेटला नाही, उधारी चुकता करून हातात काही उरलं नाही. जायचं म्हटलं तर गाडीभाडं, लेकरांचे कपडे, अन तिच्या घराला साजेसा आहेर न नेता जाणं माझ्या जीवावर येते. हे मी ग्रुपवर कशी लिहू?

त्यात आज संध्याकाळी माझ्याच चुलत बहिणीनं सगळ्यांसमोर मला टॅग केलं, "तू तर येशीनच न?" त्याच्यावर तिघींनी हसरे चेहरे टाकले. मी पाहिलं अन फोन उलटा ठेवून दिला. तिला वाईट वाटू नये, बाकीच्यांचं लक्ष माझ्याकडे जाऊ नये, अन खोटंही बोलायला लागू नये, असं काही करता येते का?

---

मोटरसायकल_दिग्रस · मंगळवार, रात्री १०:०५

ताई एवढं टेन्शन काहून घेता. ११६ जणींमध्ये कोण आलं कोण नाही कोणाले समजते. ग्रुपवर नाही म्हणूच नका, ग्रुप म्यूट करा, चूप राहा. त्या दिवशी गर्दीत कोणाच्या लक्षातही येत नाही. आम्ही मित्र असंच करतो. म्यूट केलं थे कोणाले दिसतही नाही.

---

अडाणनदी · मंगळवार, रात्री १०:५०

दादाचं अर्धं बरोबर आहे. ग्रुपवर "नाही" लिहायचं नाही, हे एकदम बरोबर. म्यूट केलेलं दिसत नाही, हेही खरं. पण चूप राहिलं की समजत नाही, हे चूक आहे. मी अंगणवाडीत आहे, गावातल्या तीन ग्रुपची ॲडमिन आहे, म्हणून हे रोज पाहते.

जिनं पत्रिका टाकली तिनं आपल्याच मेसेजवर बोट दाबून धरलं अन Info उघडलं की कोणी कोणी वाचलं त्याची यादी नावासकट दिसते. कोणत्या वेळेला वाचलं तेही. पुष्कळ जणींना वाटते मी निळी टिक बंद करून ठेवली आहे, मला काय. ती सेटिंग फक्त एकेकट्याच्या चॅटला लागू होते, ग्रुपमध्ये वाचलेलं दिसतेच. अन ज्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं घर बांधलं ती रात्री झोपायच्या आधी ती यादी पाहणार नाही असं मला तरी वाटत नाही. बालमैत्रिणीनं वाचलं, यादीत नाव नाही, एक शब्द नाही. तिला "नाही" पेक्षा ते जास्त लागते. अन स्वयंपाकाच्या हिशोबातही तुमचं नाव धड येण्यात नाही, न येण्यात नाही, असं लोंबत राहते.

म्हणून ताई, नाही सांगायचंच, अन लवकर सांगायचं, पण तिच्या एकटीच्या कानात. तिच्या पत्रिकेच्या मेसेजवर बोट दाबून धरा, वर तीन टिंबं येतात, त्यात Reply privately आहे. ते दाबलं की तिचं एकटीचं चॅट उघडते अन वर तिची पत्रिका जोडलेली दिसते, म्हणजे तुम्ही कशाबद्दल बोलता ते सांगावं लागत नाही. पाठवायच्या आधी स्क्रीनच्या वर नाव पाहा. तिथं तिचं नाव पाहिजे, ग्रुपचं असलं तर थांबा. आमच्या एका सेविकेनं घाईत साधा Reply दाबला अन घरचं सगळं दुखणं ग्रुपवर गेलं. लगेच पुसलं तिनं, पण तिथं This message was deleted अशी ओळ राहून गेली अन मग दिवसभर "काय होतं ग, काय पुसलं" हेच चाललं.

---

नेरचा_भाऊ · मंगळवार, रात्री ११:१०

मी पण याच त्रासात होतो. आमच्या भाऊबंदकीच्या ग्रुपवर रोज आवतण, आज साक्षगंध उद्या जावळ परवा कंदुरी. मी तर ग्रुपच सोडला. आता सोडलं तर फक्त ॲडमिनले समजते, सगळ्याइले नाही समजत. ताई तुम्ही पण सोडून द्या, डोकंच शांत होते.

---

अडाणनदी · मंगळवार, रात्री ११:१८

भाऊ, त्यांना ग्रुप नाही सोडायचा, एका दिवसाचं आवतण नाकारायचं आहे. अन सोडणाऱ्याची बातमी सगळ्यांना जात नाही हे खरं असलं तरी सभासदांच्या यादीखाली गेल्या साठ दिवसांत कोण गेलं ते कोणालाही पाहता येते. वास्तुपूजनाच्या बारा दिवस आधी बालमैत्रीण माहेरच्या ग्रुपातून गेली, याचा अर्थ गाव काय काढेल ते तुम्हीच सांगा.

---

तुरीच्या_शेंगा · बुधवार, सकाळी ६:३०

मी दुसऱ्या बाजूनं लिहिते, कारण मी यजमानीण होते.

मागच्या वर्षी मुलीच्या साक्षगंधाचं आवतण मी सासरच्या ग्रुपवर टाकलं. पहिले दहा-बारा जणांनी येतो येतो लिहिलं. मग रात्री अकराच्या सुमाराला एका जाऊबाईंनी लिहिलं, "सॉरी, आम्हाला नाही जमणार, पाहुणे आहेत." त्यांचं काही चुकलं नाही, मनानं खूप चांगल्या आहेत. पण त्यांच्या खाली वीस मिनिटांत नऊ सॉरी आले. एकीनं दार उघडलं की बाकीच्यांना निघून जाणं सोपं होते. त्यातल्या अर्ध्या जणी आल्या असत्या असं मला आजही वाटते, त्यांची जायची-न जायची घालमेल चालू होती अन पहिल्या सॉरीनं ती मिटवली. मी फोन हातात घेऊन बसून होते, एकेक सॉरी येत होता अन माझ्यासोबत ते सगळा ग्रुप वाचत होता. मुलीनं पण वाचलं. मला न येण्याचं दुःख नाही झालं, ते सगळ्यांसमोर झालं याचं झालं.

त्यांच्यातल्या एकीनं मात्र मला वेगळा फोन केला होता. ती आली नाही हे माझ्या लक्षातच राहिलं नाही, तिचा फोन लक्षात राहिला.

---

जुनावाडा · बुधवार, सकाळी ७:४५

मी सत्तरीतला माणूस, नातवाच्या फोनवरून लिहितो.

आमच्या वेळेस आवतण दारात येत होतं. एक माणूस घरोघरी फिरे, "उद्या अमक्याकडे जेवाले, चूलबंद आहे बरं" म्हणे. चूलबंद म्हणजे त्या घराची चूल त्या दिवशी पेटायची नाही, लहानथोर सगळे जेवाले. ज्याले जमत नसे तो तिथंच उंबरठ्यावर सांगे, "बावा, घरी बाळंतीण आहे, एक पान धरा, पोरगा येईन." ऐकणारे दोघंच. तो माणूस संध्याकाळी यजमानाले सांगे, अमक्याकडचं एकच पान. ना यजमानाचा अपमान, ना सांगणाऱ्याचा बोभाटा. आता पत्रिका अन जबाब दोन्ही चावडीवर टांगतात, त्याच्यात पत्रिका टांगलेली बरी, जबाब नाही.

म्हणून मी म्हणतो बाई, पूर्ण नाही म्हणाची गरज आहे का पाहा. घरातलं एखादं पान जाऊ शकते का? दीर, सासरे, कोणी? आमच्याकडे घरचा एक माणूस गेला म्हणजे घर गेलं.

---

पांढरंसोनं · बुधवार, सकाळी ८:२०

काकाजी, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. पण तिथं पाठवायला कोणी नाही, सासऱ्यांचा गुडघा अन नवरा वावरात. अन लेकींचा ग्रुप आहे, तिनं लेकींनाच बोलावलं.

अडाणनदी ताई, मी रात्री असं लिहून ठेवलं, पाठवलं नाही. पाहून सांगा:

"सॉरी ग, खूप इच्छा होती यायची पण गाडीचं जमून नाही रायलं अन लहान्याची तब्येत पण बरोबर नाही, पाहते, जमलं तर नक्की येते."

---

अडाणनदी · बुधवार, सकाळी ९:१०

बरं झालं पाठवलं नाही. रागावू नका, यात तीन ठिकाणी पाय अडकतो.

गाडीचं कारण देऊ नका. जे कारण यजमान सोडवू शकते ते देऊ नये. तुम्ही गाडी म्हटलं की ती म्हणेल, "अमकी त्याच रस्त्यानं येते, तिच्या गाडीत बस," अन बहुतेक ती हे ग्रुपवरच विचारेल, "तिकडून कोण येते ग, हिला घेऊन या." मग तुम्हाला दुसऱ्यांदा नाही म्हणावं लागेल, अन तेही सगळ्यांसमोर. वेचणीच्या बायांचं कारण तसं नाही. ती तारीख तुमच्या हातात नाही अन तिच्याही हातात नाही, शेतीवाल्या बाईला एका वाक्यात समजते.

लेकराची तब्येत खरी नसेल तर लिहू नका. तुमची चुलत बहीण त्याच ग्रुपात आहे, ती सहज तुमच्या सासूबाईंना फोन करून विचारेल, लहाना कसा आहे. अन त्या दिवशी स्टेटसही जपून. आमच्याकडे एकीनं आजारी आहे सांगितलं अन त्याच दुपारी बाजारातला बांगड्यांचा फोटो स्टेटसला टाकला, यजमानीणच्या फोनवर तो सगळ्यात वर आला.

तिसरं म्हणजे "जमलं तर येते". हे ऐकायला गोड वाटते पण तिच्यासाठी सगळ्यात अवघड हेच. तिला पान धरावं लागते, दोन दिवसांनी परत विचारावं लागते, अन शेवटी तुम्ही आल्या नाहीत की वाट पाहणं वाया जाते. नाही म्हणायचं तर पूर्ण नाही म्हणा.

मी असं लिहिलं असतं, तुमच्या शब्दात बदलून घ्या: "पत्रिका पाहिली, तू घर उभं केलं हे पाहून लय भरून आलं. त्या रविवारी मले येणं होत नाही, वेचणीच्या बाया आधीच सांगितल्या आहेत. माह्यं पान धरू नको. ग्रुपवर मी येण्या-न येण्याचं काही लिहीत नाही, तू पण लिहू नको. तूर निघाली की तुह्या घरी राहालेच येते." शेवटचं वाक्य खरंच जाणार असाल तरच ठेवा.

अन हे लिहूनच पाठवा, आवाजाचा मेसेज नको. कार्यघरी चार बाया बसलेल्या असतात, मेसेज मोठ्यानं वाजतो. फोनचंही तसंच, संध्याकाळी केला तर स्पीकरवर असतो. दुपारी ती मशीनवर एकटी असेल तेव्हा करा, लिहिलेलं वाचल्यावर.

---

पातेलंभर · बुधवार, दुपारी १:००

मी सैपाक्या आहो, वीस वर्सं झाले पंगती करून रायलो, थोडं बोलतो.

ही जी आकडे टाकून यादी करतेत न ग्रुपवर, याच्यावर आमी भरोसा नाही ठेवत. दोघीजणी एकाच वेळेस कॉपी करतेत, एकीची यादी ४२ वर जाते दुसरीची पण ४२ वर जाते अन मधातलं एक नाव खाली पडून जाते. पुढची बाई त्यातली कोनतीबी एक उचलते. मागं एका घरी यादीत ६३ होते, जेवाले ८० वर आले, कारन लेकरं कोनीच मोजत नाही. म्हनून यजमानाले मी सांगतो, फोन करून घरटी किती थे विचारा.

अन ताई तुमच्या दोन-तीन पानाईनं पातेल्यात फरक पडत नाही. शंभर मानसाले मी आठ-दहा किलो तांदूळ धरतो, त्यात दोन पानं कमी-जास्त कोनाले समजत बी नाही. फरक पडते जवा पंधरा-वीस घरं एकदम गळतेत अन थे पन किराना उचलल्यावर. किराना आमी दोन-तीन दिवस आधी उचलतो, भाजीपाला आदल्या दिवशी. तुमी आज सांगून रायल्या म्हन्जे लय आधी सांगितलं. शनिवारी राती सांगनाऱ्याचा मले राग येते, तुमचा नाही.

---

मोटरसायकल_दिग्रस · बुधवार, दुपारी १:३०

बरं खाजगीत सांगितलं समजा. पण ग्रुपवर टॅग केलं त्याचं काय? तिथं काहीतरी लिहाच लागन. मी म्हणतो "हार्दिक शुभेच्छा, घर पाहाले नक्की येणार" असं टाका, खोटं पण नाही अन नाही पण म्हटलं नाही.

---

तुरीच्या_शेंगा · बुधवार, दुपारी २:१५

"नक्की येणार" वाचलं की कोणीतरी उत्साही ताई ४२ नंबरवर त्यांचं नाव टाकूनच देईल, मग नाव काढायला सांगावं लागेल, ते तर उघड नाही म्हणण्यापेक्षा वाईट. नुसता हात जोडलेला किंवा अंगठा टाकला तरी आमच्याकडे त्याचा अर्थ "येतो" असाच धरतात. माझ्या यादीत मी सात अंगठे येणाऱ्यांत मोजले होते, त्यातले तीन आले.

---

अडाणनदी · बुधवार, दुपारी ३:००

हो. ग्रुपवर लिहायचं ते फक्त घराबद्दल लिहावं, येण्याबद्दल काहीच नाही. "तुझ्या हातानं शिवून शिवून उभं केलेलं घर आहे, देव भरभरून देवो" एवढं बस. वेळ विचारू नका, रस्ता विचारू नका, हे प्रश्न येणाऱ्याचे असतात. अन हे मैत्रिणीला खाजगीत कळवल्यानंतर टाका, आधी टाकलं तर तिला वाटेल आता येतेच.

टॅगचं उत्तर टॅगखाली देऊ नका. चुलत बहिणीला वेगळं लिहा, "तिच्यासोबत बोलणं झालं माझं, ग्रुपवर नको विचारू." मी हे लिहून टाकते पण याची मला खात्री नाही, बहीण कशी आहे त्यावर आहे. काही जणींना "ग्रुपवर नको विचारू" म्हटलं की तेच विचारायची जास्त इच्छा होते.

---

पांढरंसोनं · गुरुवार, रात्री ९:१५

सांगते काय झालं.

काल चार वाजता पाठवलं, बरंचसं ताईंनी लिहिलं तसंच. नाव तीनदा पाहिलं वरचं. दोन तासांनी तिचं उत्तर आलं, "वेचणी मले समजते. पण आहेराचं मनात असन तर थे काढून टाक, मले आहेर नको तू पायजे." मी काही लिहिलं नव्हतं पैशाचं, तरी तिला समजलं. आज दुपारी फोन केला, दोघी रडलो, मी खरं सांगितलं. ती म्हणाली बायांना तू नाही म्हणू नको, कापूस महत्त्वाचा, मी पण शेतकऱ्याचीच लेक आहे. मग मी ग्रुपवर घराबद्दल दोन ओळी टाकल्या अन कोणाचं लक्ष गेलं नाही, पुढं साड्यांवर बोलणं गेलं.

चूक माझी इथं झाली. बहिणीला लिहायचं राहून गेलं. म्हटलं आता झालंच आहे. आज संध्याकाळी सातला तिनं परत टॅग केलं, "यादीत तुह्यं नाव नाही दिसत." अन मैत्रिणीनं माझी बाजू घ्यायला म्हणून ग्रुपवरच लिहिलं, "तिले नका तरास देऊ, तिची वेचणी आहे, मले सांगितलं तिनं." तिच्या मनात चांगलंच होतं. पण त्याखाली अर्ध्या तासात चौघींनी लिहिलं, आमची पण वेचणी आहे, आमचं पण नाही जमत. जे नको होतं तेच झालं, अन माझ्याच नावानं सुरू झालं. आता मी ग्रुपवर काही बोलू का?

---

अडाणनदी · गुरुवार, रात्री ९:४०

काही लिहू नका. तुम्ही आता खुलासा लिहिला तर तो धागा परत वर येतो अन पाचवी-सहावी बाई त्यात येते. तुमच्याकडून बहीण राहिली, माझ्याकडूनही एक राहिलं, तुमच्या मैत्रिणीला सांगायला पाहिजे होतं की कोणी विचारलं तर "आमचं बोलणं झालं" एवढंच म्हण, कारण सांगू नको. मी "लिहू नको" एवढंच लिहिलं. कारण बाहेर आलं की ते दुसऱ्यांनाही वापरता येते, वेचणी तर यावेळी सगळ्यांच्याच घरी आहे. बहिणीला आता तरी फोन करा.

---

तुरीच्या_शेंगा · गुरुवार, रात्री १०:००

मला पटत नाही. आता नाव आलंच आहे तर चूप बसणं म्हणजे मैत्रिणीला चार सॉरींखाली एकटं सोडणं. माझ्या वेळेस त्या नऊ सॉरींनंतर कोणी एकीनं जरी विषय घराकडे, मुलीकडे वळवला असता तर मला आधार वाटला असता. त्यांनी न येण्याबद्दल बोलू नये, पण ग्रुपवर काहीतरी करावं. तिचा, घराचा एखादा जुना फोटो असेल तर टाका.

---

पातेलंभर · गुरुवार, रात्री १०:२०

चार घरं अजून किरान्याच्या आधी गेले, सैपाकाले काई धक्का नाही. थे ताईले सांगा म्हनजे तिच्या जीवाचा घोर कमी होईन.

---

जुनावाडा · शुक्रवार, सकाळी ७:३०

मले बहिणीचं वाईट नाही वाटत. तिले वाटलं असन, आपली बहीण आली तर आपल्याले सोबत होईन. विचारणारीले पण कधी कधी एकटं जाणं जीवावर येते.

---

पांढरंसोनं · शुक्रवार, दुपारी १२:५०

काकाजी, तेच निघालं. बहिणीला फोन केला, ती म्हणाली मी तुझ्या भरोशावर होती, मला त्या बायांमध्ये एकटीला जायला नको वाटते. आता तिला मैत्रिणीनं स्वतः फोन करून बोलावलं, ती जाते आहे. माझ्याकडून साखर अन नारळ घेऊन जाईल, म्हणजे काकाजी म्हणाले तसं एक पान झालंच.

फोटो टाकायचा की नाही ते अजून ठरत नाही. माझ्याकडे आम्ही दोघी सातवीत असतानाचा आहे, शाळेच्या भिंतीजवळ. टाकला तर छान वाटेल तिला, पण त्याखाली कोणी "अन तूच नाही येत" लिहिलं तर?

---

अडाणनदी · शुक्रवार, दुपारी १:२०

तिला एकटीला पाठवा. तिला वाटलं तर ती टाकेल.

---

तुरीच्या_शेंगा · शुक्रवार, दुपारी २:०५

मी अजूनही म्हणते ग्रुपवर टाका. पण तुमची मैत्रीण तुम्हाला जास्त माहीत.

---

पांढरंसोनं · त्यानंतरचा दुसरा सोमवार, रात्री ८:३०

काल झालं. वेचणीही झाली, आम्ही अंधार पडेस्तोवर वावरात होतो. जेवायला ९० च्या वर लोक आले म्हणे, यादीत शेवटी ५२ नावं होती, पातेलंभर भाऊंचं खरं निघालं, लेकरं कोणी मोजलीच नव्हती, पण अन्न पुरलं.

फोटो मी तिला एकटीला पाठवला होता शनिवारी. तिनं तो ग्रुपवर नाही टाकला. काल रात्री सगळं आवरल्यावर तिचा मेसेज आला. फोटो मोठा करून समोरच्या खोलीत मशीनच्या वर भिंतीवर लावला आहे तिनं. ग्रुपवर पूजेचे शंभरेक फोटो आले, त्यात तो भिंतीवरचा कुठंच नाही. लिहिलं, "हा तुले पाहाले ठेवला, तूर निघाली की ये."